पहिलं चांगलं घड्याळ: क्वार्ट्झ की ऑटोमॅटिक?

“सांगलीत बँकेत नुकताच लागलोय. साधारण दहा हजारांत पहिलं चांगलं घड्याळ घ्यायचं आहे. सोमवार ते शनिवार घालीन, रविवारी नाही. क्वार्ट्झ घेऊ की ऑटोमॅटिक?”

तुमच्याकडे हे एकच घड्याळ असणार असेल, तर सेलवर चालणारं क्वार्ट्झ घ्या. मी स्वतः गेली सात वर्षं ऑटोमॅटिक वापरतो आणि ते मला अतिशय प्रिय आहे, तरीही हेच सांगतो.

कारण तुमच्या रविवारातच आहे. ऑटोमॅटिकमध्ये हाताच्या हालचालीने आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते. सिकोच्या स्वस्तातल्या ऑटोमॅटिक घड्याळांतलं नेहमीचं यंत्र, ४आर३६, पूर्ण चावी असेल तर साधारण ४१ तास चालतं. शनिवारी रात्री नऊला काढलं, तर हिशेबाने ते सोमवारी दुपारी दोनपर्यंत चालायला हवं. पण दिवसभर टेबलावर बसून काम करणाऱ्याच्या हातात स्प्रिंग क्वचितच पूर्ण भरते. माझ्या अनुभवात घड्याळ सोमवारी सकाळीच थांबलेलं सापडतं, आणि नेमकी निघायची घाई असते.

दुसरं वेळेचं. या यंत्राची कंपनीने दिलेली मर्यादा दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी आहे. प्रत्यक्षात बरीच घड्याळं याहून चांगली चालतात, पण दिवसाला २० सेकंद पुढे जाणारं घड्याळही चांगलंच समजायचं, आणि तेसुद्धा महिन्यात १० मिनिटं पुढे जातं. साध्या क्वार्ट्झमध्ये स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणून त्याची चूक महिन्याला साधारण १५ ते २० सेकंद एवढीच असते.

तिसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, ती मी स्वतः भोगली आहे. तीन वर्षांपूर्वी माझं घड्याळ अचानक दिवसाला चार मिनिटं पुढे पळायला लागलं. एका ठिकाणी दाखवलं, तर “पूर्ण सर्व्हिसिंग करावं लागेल, अडीच हजार” असं उत्तर मिळालं. मी थांबलो. मुलाच्या शाळेच्या दप्तरातलं छोटं होकायंत्र टेबलावर ठेवलं आणि घड्याळ हळूहळू जवळ नेलं, तर सुई घड्याळामागे वळायला लागली. घड्याळात चुंबकत्व आलं होतं. मी रोज रात्री ते टॅबलेटच्या चुंबकाने मिटणाऱ्या कव्हरवर ठेवत होतो, तिथूनच ते आलं.

होतं असं की, बॅलन्स व्हील या मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला आंदोलन देणारी केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकत्वाने आतल्या आत चिकटते. तिची मोकळी लांबी कमी झाली की आंदोलनं जलद होतात आणि घड्याळ पळतं. म्हणून बरं चालणारं घड्याळ एकाएकी मिनिटांनी पुढे जायला लागलं, तर आधी चुंबकत्वाचा संशय घ्या. दुसऱ्या एका जुन्या घड्याळवाल्या काकांनी डीमॅग्नेटायझरवर धरून मिनिटाभरात ते काढून दिलं आणि पन्नास रुपये घेतले. लॅपटॉपचं झाकण, चुंबकाच्या बटणाची बॅग, स्पीकर, या सगळ्यांजवळ तुमचा हात दिवसभर असणार. क्वार्ट्झची मोटर चुंबकाजवळ थबकू शकते, पण चुंबक दूर गेला की ती पुन्हा नीट चालते. फक्त वेळ परत लावायची.

क्वार्ट्झलाही एक जपणूक लागते. दोन-तीन वर्षांनी सेल संपतो. काही यंत्रांत सेल उतरला की सेकंदकाटा एकेक सोडून दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो, ती सूचना समजा. संपलेला सेल आत ठेवून घड्याळ कपाटात टाकू नका. तो गळला तर सर्किट खराब होतं आणि दीडशे रुपयांच्या सेलपायी घड्याळ जातं. सेल बदलताना मागच्या झाकणाचं रबर तपासून घ्यायला सांगा, ते वाळलं असेल तर पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते.

एवढं वाचूनही मन ऑटोमॅटिककडेच ओढत असेल, तर घ्या, मी अडवणार नाही. सर्व्हिसिंगचे पैसे मात्र बाजूला ठेवा, चार-पाच वर्षांत ते लागतीलच. दुकानात बंद घड्याळ हातात घ्या. किल्ली न ओढता फिरवा: सेकंदकाटा चालू झाला तर हाताने चावी देता येते, म्हणजे सोमवारी सकाळी वीस-पंचवीस फेऱ्यांत काम होईल. मग किल्ली पूर्ण बाहेर ओढा, सेकंदकाटा थांबला पाहिजे, तरच सेकंदाला वेळ जुळवता येते. जुन्या ७एस२६ यंत्रात या दोन्ही सोयी नव्हत्या आणि ते अजूनही स्वस्तात विकायला असतं. ते पहिलं घड्याळ म्हणून घेऊ नका. आणि तारीख रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान कधी बदलू नका, त्या वेळी तारखेचे दाते अडकलेले असतात आणि जबरदस्ती केली तर मोडतात.