फिरत्या प्रवासाला एकच तिकीट की वेगवेगळी?

वडोद्याहून पुणे, मिरज, पंढरपूर, जळगाव करून परत. टप्प्याटप्प्याने तिकीट स्वस्त की एकत्र?

स्लीपरने जाणार असाल तर एकत्रच काढा. रेल्वेचं सर्क्युलर जर्नी तिकीट असतं. त्यात आठपर्यंत मुक्काम चालतात. अंतर वाढतं तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, आणि इथे एकूण अंतराचे दोन समान भाग करून भाडं लावतात. सुटं काढलं की प्रत्येक टप्प्याला चढा दर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शिवाय स्लीपरला किमान २०० किलोमीटरचं भाडं लागतंच, म्हणजे मिरज-पंढरपूरसारख्या छोट्या टप्प्यात भुर्दंड.

आरक्षण आणि सुपरफास्टचा आकार मात्र टप्प्यागणिक वेगळाच पडतो. आधी मार्ग लिहून स्टेशनवर द्या, तिकीट बनवून घ्या, मग प्रत्येक गाडीचं आरक्षण करा. जागा मिळतील का, तेवढं आधीच बघा.