कॉलमधला 'पुढचा मंगळवार' नेमका कोणता?

ताई, कॉलचं रेकॉर्डिंग ऐकून टिपण लिहिताना 'पुढचा मंगळवार' अशा शब्दांची तारीख काढावी लागते. म्हणून ऐकायच्या आधी कॉल कोणत्या तारखेला, कोणत्या वारी झाला ते टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहा. सगळी मोजणी तिथून करायची. आपण ऐकतो त्या दिवसापासून मोजणं, ही नव्या माणसाची नेहमीची चूक.

आमच्या गटातलाच कॉल घ्या. शुक्रवार, 28 नोव्हेंबर 2025. कापूसवाले काका म्हणाले, "पुढच्या मंगळवारी गाडी पाठवा, पैसे महिनाअखेर पायजेत." टिपण लिहिणाऱ्यानं सोमवारी, 1 डिसेंबरला ऐकलं आणि 31 डिसेंबर लिहून टाकलं. काकांच्या मनात 30 नोव्हेंबर होता. तो रविवार, म्हणजे बँक बंद. म्हणून तारखेसोबत वार लिहाच, अशी अडचण लगेच दिसते.

मंगळवार तर आणखी अवघड. "येत्या" म्हटलं असतं तर 2 डिसेंबर. "पुढच्या" म्हटल्यावर 2 की 9? पुढे काका म्हणतात, "परवा वेचणी सरते." मग 2 जुळते. असा धागा मिळाला नाही तर अंदाज ठोकू नका. दोन्ही तारखा लिहा, फोन करून विचारा. मूळ शब्दही अवतरणात ठेवा. या कॉलचं टिपण असं:

"पुढच्या मंगळवारी" – मंगळ, 2 डिसेंबर 2025 (विचारून पक्कं करणे)

आपल्या बोलण्यातले दोन शब्द सांभाळा:

- परवा: क्रियापद पाहा. "परवा आलो" म्हणजे 26 नोव्हेंबर, "परवा येतो" म्हणजे 30.
- आठ दिवसांनी: बहुतेक वेळा पुढच्या आठवड्यातला तोच वार, म्हणजे शुक्रवार, 5 डिसेंबर. आठ मोजून 6 लिहू नका.