पहिल्या सात रात्री

प्रिय मुली,

मेळघाटातल्या आश्रमशाळेत अधीक्षिका म्हणून रुजू होतेस, हे कळलं. जूनमध्ये पहिलीची मुलं येतील. पहिल्या संध्याकाळी स्वागताचा कार्यक्रम ठेवू नकोस. घरी कोरकू बोलणारं सहा वर्षांचं लेकरू सगळ्यांसमोर नाव सांगायला उभं केलं, की आणखीच मिटतं. त्या दिवशी त्याला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: झोपायचं कुठे, रात्री लघवीला जायचं कुठे, आणि आई कधी येणार. पहिल्या आठवड्याचे सगळे खेळ यांच्याभोवतीच बांध.

एक मुलगी आठवते. चार दिवस रडली नाही, सांगू ते करायची. आम्ही समजलो, रुळली. पाचव्या दिवशी लक्षात आलं, तिची पेटी भरलेलीच होती आणि ऊन उतरलं की ती पाण्याला शिवत नव्हती. संडासाकडची वाट हातपंपामागून अंधारातून जायची, तिची तिला धास्ती होती.

मग आम्ही त्या वाटेचाच खेळ केला. तिच्याच गावची सातवीतली मुलगी सोबत दिली. दोघी उजेडात पावलं मोजत गेल्या, कोरकूत. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गेलो, तेव्हा बॅटरी छोटीच्या हातात होती. त्यानंतर निजण्याआधी रोज तिघी जायचो. तिसऱ्या रात्री तिनेच येऊन मला हलवून उठवलं. दुसऱ्या दिवशी पेटीतले कपडेही बाहेर आले. पेटीवर नावाऐवजी तिने खडूने कोंबडी काढली होती. अक्षर न येणाऱ्याला आपली पेटी ओळखायला चित्रच लागतं.

अंथरूण ओलं झालं तर चादर गुपचूप बदल. इतर मुलांना कळू देऊ नकोस आणि शिक्षा म्हणून पाणी तर मुळीच तोडू नकोस. पाण्याला कोरकूत ‘डा’ म्हणतात. पोट दुखतं, भीती वाटते, लघवी लागली, एवढं तरी मोठ्या मुलींकडून पहिल्याच दिवशी शिकून घे.

आईबापाला लपूनछपून जाऊ देऊ नकोस. मुलासमोर निरोप घेऊ दे, रडलं तरी चालेल. भेटीचा दिवस पक्का असेल, तर तितक्या गाठी मारलेली सुतळी त्याच्या हाती दे. रोज जेवण झालं की एक गाठ सोडायची. आईबाप कामाला दूर जाणार असतील, तर भेटीच्या गाठी मारू नकोस. एखादा फोन नक्की होणार असेल, तर तेवढ्यापुरत्याच मार. शेवटची गाठ सुटली आणि कुणी आलं नाही, तर ते मूल तुझ्यावर पुन्हा विसंबणार नाही.

दोन दिवस नीट जेवलं नाही, ताप आला किंवा कुणाच्या जवळ जाताना आक्रसलं, तर तिथे खेळ पुरत नाहीत. ताप आणि खाणं डॉक्टरांना दाखव. आक्रसण्याचं कारण मात्र एकांतात, ओळखीच्या भाषेत विचार. काही वावगं कळलं, तर दाबून न ठेवता मुलांच्या मदतीच्या १०९८ या क्रमांकावर कळव.

पहिले सात दिवस तुझं अंथरूण मुलींच्याच खोलीत, दाराजवळ घाल.

तुझी मावशी