कंपनी बुडाली, हाती आले 30 कोटी: कोणाला किती मिळणार?

प्रश्न: एलएलबीच्या परीक्षेसाठी सराव करतोय. प्रश्नातली कंपनी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवते. बँकेचं 36 कोटींचं कर्ज आहे, सगळी मालमत्ता तारण आणि संचालकाची वैयक्तिक हमी. एका खासगी वित्तसंस्थेचे विनातारण 2 कोटी, स्टीलवाल्याचे 5 कोटी (त्याचा चेकही वटला नाही), जीएसटीचे 3 कोटी, कामगारांचा 24 महिन्यांतला थकलेला पगार 4 कोटी, शिवाय पीएफचा 1 कोटी. एका ग्राहकाचे डायही कारखान्यात पडून आहेत. कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज चालवणाऱ्या एनसीएलटी या न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला, पण शेवटी लिक्विडेशन झालं, म्हणजे मालमत्ता विकली गेली, आणि 30 कोटी आले. मोरॅटोरियममध्ये, म्हणजे कंपनीविरुद्धची वसुली थांबलेली असते त्या काळात, कोण काय करू शकतं आणि शेवटी कोणाला किती? मी थेट दिवाळखोरी संहितेतलं वाटपाचा क्रम ठरवणारं कलम 53 लावलं तर गोंधळ उडाला.

उत्तर:

गोंधळ कलम 53 मुळे नाही, त्याच्या आधी दोन गोष्टी ठरवायच्या राहिल्यामुळे झाला आहे. आधी तारीख पकडा, मग प्रत्येक धनको कोणत्या वर्गात बसतो ते ठरवा, आणि वाटपाला शेवटी हात घाला. मी दिवाळखोरीच्या प्रकरणांत धनकोंचे दावे तपासण्याचं काम करतो. तिथेही बहुतेक वाद रकमेवरून कमी आणि तारखेवरून जास्त होतात.

ती तारीख म्हणजे एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला तो दिवस. त्या दिवसापासून कलम 14 चा मोरॅटोरियम लागू होतो. स्टीलवाल्याचा वसुलीचा दावा दिवाणी न्यायालयात चालू असेल तर तो जागच्या जागी थांबतो. बँकेला तारण थेट ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली तिने कारखान्याचा ताबा घ्यायची नोटीस दिली असेल तर तीही पुढे सरकत नाही. इतकंच काय, जुन्या हप्त्यापोटी बँकेने कंपनीच्या खात्यातून त्या दिवसानंतर पैसे वळते केले तर ते परत करावे लागतात. पण दावा थांबला म्हणजे येणं बुडालं असं नाही. स्टीलवाल्याने वर्तमानपत्रातली जाहीर सूचना पाहून या काळात कंपनीचा कारभार पाहणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे आरपीकडे, फॉर्म बी भरून आपला दावा नोंदवायचा असतो.

आता हे संरक्षण कोणाला मिळत नाही ते बघा, कारण परीक्षक गुण इथेच ठेवतो. मोरॅटोरियम कंपनीला आहे, संचालकाला नाही. वैयक्तिक हमीवर बँक संचालकाच्या मागे लागू शकते. कलम 14(3) मध्ये 2018 च्या दुरुस्तीने ते स्पष्ट लिहिलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी व्ही. रामकृष्णन प्रकरणात तेच सांगितलं. न वटलेल्या चेकचंही तसंच. पी. मोहनराज प्रकरणात (2021) न्यायालयाने ठरवलं की चेक न वटल्याबद्दलचा कलम 138 चा खटला कंपनीपुरता थांबतो, पण चेकला जबाबदार असलेल्या संचालकांवर तो चालू राहतो.

ग्राहकाच्या डायवर मुलं हमखास चुकतात. डाय कंपनीच्या मालकीचे नाहीत, म्हणून ते विकून धनकोंना पैसे वाटता येत नाहीत. एवढं बरोबर. पण कलम 14(1)(घ) म्हणतं की कंपनीच्या ताब्यातली वस्तू मालकालासुद्धा या काळात वसूल करून नेता येत नाही. म्हणजे मालकी ग्राहकाची, तरी तो टेम्पो घेऊन दारात उभा राहिला तर हक्काने डाय नेऊ शकत नाही. आरपीने संमतीने सोडले तर गोष्ट वेगळी. याच पोटकलमावर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोरेगावच्या सिद्धार्थनगरच्या प्रकरणात म्हाडाला अडवलं. जमीन म्हाडाची, पण प्रत्यक्षात तिथे बांधकाम कंपनी होती आणि तिच्यावर मोरॅटोरियम लागला होता. हा निकाल उत्तरात जरूर घाला.

तारखेचा दुसरा परिणाम जास्त मोठा आहे. समजा आरपीने कारखाना चालू ठेवला आणि त्याच स्टीलवाल्याकडून 40 लाखांचा नवा माल घेतला. माल तोच, माणूस तोच, पण हे 40 लाख प्रक्रियेचा खर्च ठरतात आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन पूर्ण मिळतात. जुने 5 कोटी मात्र रांगेच्या टोकाला राहतात. म्हणून दावा तपासताना आम्ही प्रत्येक बिलाची तारीख बघतो, नुसतं खातेउताऱ्यावरचं एकूण येणं धरत नाही.

आता वर्ग. बँक आणि खासगी वित्तसंस्था हे वित्तीय धनको, कारण त्यांनी पैसे वापरायला दिले आणि त्यावर व्याज लावलं. स्टीलवाला आणि कामगार ऑपरेशनल धनको. जीएसटी खातंही ऑपरेशनलच, सरकार म्हणून तिसरा वर्ग काढू नका. धनकोंच्या समितीत मत फक्त वित्तीय धनकोंना असतं. 38 कोटींपैकी 36 बँकेचे, म्हणजे सुमारे 95 टक्के मतं. कंपनी वाचवायची योजना मंजूर व्हायला 66 टक्के लागतात, तेव्हा निर्णय एकटी बँक घेते. स्टीलवाल्याचं येणं वित्तसंस्थेच्या अडीच पट असूनही त्याला मत नाही. हे अन्यायाचं वाटतं, पण सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या स्विस रिबन्स निकालात हा भेद वैध ठरवला आहे.

आता वाटप. आलेल्या 30 कोटींतून आधी पीएफचा 1 कोटी बाजूला काढा. कलम 36(4) प्रमाणे तो लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरतच नाहीत, त्यामुळे कलम 53 ची रांग त्याला लागत नाही. उरले 29. तुमच्या प्रश्नात प्रक्रियेचा खर्च दिलेला नाही, पण तो शून्य कधीच नसतो. वरचे 40 लाख धरून 3 कोटी समजू. उरले 26.

पुढच्या पायरीवर कामगारांचा 24 महिन्यांचा पगार आणि तारण सोडून दिलेली, म्हणजे ते स्वतः न विकता सामाईक वाटपात आलेली, बँक एकाच पातळीवर असतात. कामगार आधी आणि बँक नंतर असं लिहिलंत तर चूक. दोघांचं मिळून येणं 40 कोटी, हातात 26, म्हणजे प्रत्येकाला रुपयामागे 65 पैसे. बँकेला 23.40 कोटी, कामगारांना 2.60 कोटी. तिथेच पैसे संपतात. वित्तसंस्था, जीएसटी आणि स्टीलवाला, तिघांनाही शून्य.

लिक्विडेशन न होता कोणी कंपनी घ्यायला योजना आणली असती तरी हा हिशेब टळत नाही. कलम 30(2) प्रमाणे ऑपरेशनल धनकोला निदान इतकं मिळालं पाहिजे: लिक्विडेशनमध्ये जे हाती पडलं असतं ते, किंवा योजनेची रक्कम कलम 53 च्या क्रमाने वाटल्यावर जे येईल ते, यांतलं जास्त. समजा योजना 32 कोटींची असती. तरी दोन्ही हिशेबांनी स्टीलवाल्याचा किमान हक्क शून्यच येतो, आणि त्याला चार पैसे मिळणं समितीच्या मर्जीवर राहतं.

एक पर्याय उत्तरात नक्की मांडा. बँकेने तारण सोडलंच नाही आणि कलम 52 खाली कारखाना स्वतः विकला तर? तिने तारण सोडलं असतं तेव्हा कामगारांना जितका वाटा मिळाला असता तितका तिला लिक्विडेटरकडे भरावाच लागतो. आणि विक्रीनंतर जे येणं उरेल ते घसरून जीएसटीच्या बरोबरीच्या पायरीवर जातं, म्हणजे विनातारण 2 कोटी देणाऱ्या वित्तसंस्थेच्याही खाली.