परवानगी आहे, तरी मॉनेटायझेशन का नाही?

*मी मुलुंडला राहतो, बीएएमएमसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दादरचे एक करसल्लागार दर रविवारी यूट्यूबवर दोन तास लाइव्ह येतात. त्यांच्या लेखी परवानगीने मी त्यातल्या क्लिप्स काढून माझ्या चॅनेलवर टाकतो. सबस्क्रायबर आणि व्ह्यूज पुरेसे झाले, पण मॉनेटायझेशनचा अर्ज ‘रीयूज्ड कंटेंट’ म्हणून नाकारला. बाबा म्हणतात, हे सोडून दे. यात करिअर होईल का?*

होईल, पण स्वतःच्या चॅनेलवर दुसऱ्याच्या क्लिप्स टाकून नाही.

तुझ्या हातातला कागद कॉपीराइटपुरता आहे. तो असल्यामुळे सल्लागार तुझ्यावर स्ट्राइक आणणार नाहीत, इतकंच. मॉनेटायझेशनचा नियम वेगळा आहे. तिथे यूट्यूब बघतं की या चॅनेलने स्वतःचं काय घातलं. मूळ मालकाची परवानगी असली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो, हे त्यांच्या धोरणातच लिहिलंय. तपासणी एखाद्या व्हिडिओची नसते, अख्ख्या चॅनेलची असते: चॅनेलचा मुख्य विषय, सर्वांत जास्त पाहिलेले व्हिडिओ, सर्वांत नवे व्हिडिओ. शिवाय दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा पुन्हा टाकलेल्या शॉर्ट्सचे व्ह्यूज शॉर्ट्सच्या कमाईत धरलेच जात नाहीत. पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो, पण चॅनेल तसंच राहिलं तर उत्तरही तेच येईल. इन्स्टाग्रामनेही २०२४ पासून दुसऱ्यांचं साहित्य वारंवार टाकणाऱ्या खात्यांची शिफारस बंद करायला सुरुवात केली आहे.

तीच क्लिप सल्लागारांच्या चॅनेलवर गेली, तर ती त्यांचीच. तिथे शॉर्टला ‘रिलेटेड व्हिडिओ’ म्हणून मूळ लाइव्ह जोडता येतं आणि प्रेक्षक पूर्ण व्हिडिओकडे वळतो. म्हणून त्यांच्यासाठी काम कर आणि दर क्लिपमागे किंवा महिन्याला ठरवून पैसे घे. पासवर्ड मागू नकोस. यूट्यूब स्टुडिओच्या परवानग्यांमध्ये ‘एडिटर (लिमिटेड)’ अशी भूमिका आहे. ती मिळाली की तू व्हिडिओ चढवू शकतोस आणि त्यांची कमाई तुला दिसत नाही. त्यांनाही ते सोयीचं पडेल.

आता कामाकडे ये. पैसे देणारा माणूस तुझी क्लिप बघूनच ठरवणार. समज, लाइव्हमध्ये ४१:५० ला कोणी विचारलं, “वर्षात नोकरी बदलली, दोन फॉर्म १६ आलेत, काय करू?” प्रश्न वाचण्यात आणि नमस्कार-चमत्कारात ४८ सेकंद गेले. उत्तर सुरू होतं ४२:३८ ला: दोन्ही कंपन्यांनी करमुक्त मर्यादा स्वतंत्रपणे, पूर्णच्या पूर्ण धरलेली असते, त्यामुळे एकत्र हिशेब केल्यावर कर भरावा लागू शकतो. क्लिप ४२:३८ पासून घे आणि प्रश्न एका ओळीत पडद्यावर लिही. शॉर्टला ३ मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण हे उत्तर ५५ सेकंदांत संपतं तर तिथेच थांब. एक मात्र सांभाळ. पुढे ते “जुन्या करप्रणालीत असाल तर...” म्हणत असतील, तर ती अट कापू नकोस. अट गेली की सल्ला चुकीचा ठरतो, आणि दोष त्यांच्या माथी येतो.

कापताना ffmpeg या प्रोग्रॅमचा हा आदेश वापर:

```
ffmpeg -ss 00:42:38 -i live.mp4 -t 55 -c:v libx264 -crf 18 -c:a aac clip.mp4
```

वेळ वाचवायला बरेच जण `-c copy` वापरतात. तेव्हा चित्र फक्त कीफ्रेमपासून, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमपासून, तोडता येतं आणि लाइव्हमध्ये दोन कीफ्रेममध्ये साधारण दोन सेकंदांचं अंतर असतं. मग सुरुवातीला आधीच्या वाक्याचं शेपूट येतं किंवा चित्र क्षणभर गोठतं. वरच्या आदेशात व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो, म्हणून कट नेमका बसतो.

सगळ्यात जास्त घोटाळा मूळ फाइलमध्ये होतो. स्टुडिओतून उतरवलेला व्हिडिओ जास्तीत जास्त ७२०पी मिळतो. त्यातून उभी ९:१६ चौकट काढली की रुंदी उरते ४०५ पिक्सेल. ती १०८० पर्यंत ताणली की चेहरा धूसर होतो आणि हातातल्या कागदावरचे आकडे वाचता येत नाहीत. १०८०पी फाइलमधून सुमारे ६०७ पिक्सेल मिळतात, फोरकेमधून १२१५. म्हणून सल्लागारांना सांग, लाइव्ह सुरू असतानाच ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थानिक रेकॉर्डिंगही चालू ठेवा, आणि ते एमकेव्ही फाइलमध्ये. वीज गेली किंवा संगणक अडकला तरी तोवरचं चित्रण वाचतं. एमपी४ अर्धवट राहिली तर बहुतेकदा उघडतच नाही.

तुझ्या चॅनेलचं काय? तिथे क्लिपचा ठरावीक तुकडा घे आणि बाकी वेळ तूच बोल: दोन फॉर्म १६ शेजारी ठेवून आकड्यांची बेरीज करून दाखव. असा मजकूर धोरणात बसू शकतो. नुसती सबटायटल्स आणि पार्श्वसंगीत घालून बसत नाही. जुन्या उचललेल्या क्लिप्स काढून टाक, मगच पुन्हा अर्ज कर.

बाबांशी बोलताना व्ह्यूजचे आकडे सांगू नकोस. सल्लागारांशी महिन्याला किती क्लिप्स, किती वेळा दुरुस्ती आणि किती रक्कम ठरली ते कागदावर घे, आणि तो कागद दाखव. त्यात आणखी एक ओळ घालून घे: या क्लिप्स कामाचा नमुना म्हणून तू इतरांना दाखवायला सल्लागारांची हरकत नसेल. दुसरं गिऱ्हाईक मिळवताना तीच उपयोगी पडेल.