फ्रेंचमध्ये व्यवसाय सांगताना ‘यून’ का खोडतात, आणि स्त्रीलिंगी रूप कोणते लिहावे

> “मी सिव्हिल इंजिनिअर आहे. ‘ज स्वी यून अँजेन्यर’ असे लिहिले तर सरांनी ‘यून’ खोडले, पण ‘से यून अँजेन्यर’मधले ‘यून’ तसेच ठेवले. असे का? आणि सीव्हीत स्त्रीलिंगी रूप लिहायचे की पुल्लिंगीच चालते? परदेशी अर्ज करायचा आहे, म्हणून विचारते.”

आपला प्रश्न वाचला आणि याच दोन गोष्टींपायी माझा किती वेळ वाया गेला होता ते आठवले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी व्यवसायाने डॉक्टर आहे, भाषातज्ज्ञ नाही. पुढे जे लिहिले आहे ते शिकताना आणि कागदपत्रे करताना पक्के झालेले आहे. एखाद्या विशिष्ट अर्जाचे नियम मात्र त्या-त्या संस्थेकडूनच तपासून घ्यावेत.

‘यून’ हे ‘एक’ अशा अर्थाचे स्त्रीलिंगी आर्टिकल आहे. ‘ज स्वी’ म्हणजे ‘मी आहे’ आणि ‘एल् ए’ म्हणजे ‘ती आहे’. यांच्यानंतर येणारे व्यवसायाचे नाम कोणा एका व्यक्तीकडे बोट दाखवत नाही, तर कर्ता कोणत्या वर्गात मोडतो एवढेच सांगते. म्हणजे ते नाम असूनही विशेषणाचे काम करते, आणि विशेषणाला आर्टिकल लागत नाही. विशेषणाप्रमाणे ते कर्त्याच्या लिंगवचनाशी मात्र जुळते: पुरुष असेल तर ‘इल् ए आव्होका’, स्त्री असेल तर ‘एल् ए आव्होकात’. आपण मराठीत ‘ती वकील आहे’ म्हणतो, ‘ती एक वकील आहे’ म्हणत नाही. तेव्हा इथे आपला मराठी कान बरोबर असतो. घोळ होतो तो इंग्रजीची सवय मध्ये आल्यामुळे. ‘होणे’ या अर्थाच्या ‘देव्हनीर’ क्रियापदानंतर आणि ‘म्हणून काम करणे’ सांगणाऱ्या ‘कॉम’ या शब्दानंतरही आर्टिकल येत नाही.

‘से’ने, म्हणजे ‘हे आहे’ किंवा ‘या आहेत’ अशा अर्थाने, सुरू होणाऱ्या वाक्याचे काम वेगळे आहे. ‘ती काय करते?’ या प्रश्नाचे उत्तर ‘एल् ए अँजेन्यर’ असे येते. दारात उभ्या असलेल्या अनोळखी बाईंबद्दल ‘या कोण?’ असे कोणी विचारले, तर ‘से यून अँजेन्यर’. तिथे आपण एका व्यक्तीची ओळख करून देतो, म्हणून नामाला आर्टिकल हवेच. कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत हे आधी मनात ठरवले, की चूक सहसा होत नाही.

खरी अडचण त्यापुढे येते आणि वर्गात ती बहुधा सांगितली जात नाही: विशेषण जोडले की काय करायचे? ‘मी चांगली डॉक्टर आहे’ म्हटले की आपण व्यक्तीचे मूल्यमापन करतो, वर्ग सांगत नाही, म्हणून आर्टिकल परत येते. मात्र ‘जनरल प्रॅक्टिशनर’साठीच्या ‘मेदसँ जेनेरालिस्त’मधला दुसरा शब्द व्यवसायाच्या नावाचाच भाग आहे, म्हणून तिथे आर्टिकल येत नाही. मी स्वतःपुरती एक खूण धरली आहे: जेवढे शब्द दवाखान्याच्या किंवा कार्यालयाच्या दारावरच्या पाटीवर शोभतील, तेवढ्यांना आर्टिकल नाही. पाटीवर ‘जनरल प्रॅक्टिशनर’ लिहितात, ‘चांगली’ कोणी लिहीत नाही. आपल्या बाबतीत ही दोन वाक्ये होतील:

```
Je suis ingénieure en génie civil.
Je suis une ingénieure expérimentée.
```

पहिल्यात पाटीवरचे नाव आहे. दुसऱ्यात ‘अनुभवी’ हे वर्णन आले, म्हणून `une` आले.

आता स्त्रीलिंगी रूपांकडे येते, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथे झाले. माझ्या अनुभवाच्या दाखल्यांचे फ्रेंच भाषांतर मी एका कार्यालयाकडून करून घेतले होते. नाव सांगत नाही. त्यांनी ‘स्त्रीलिंग म्हणजे शेवटी `e`’ हा एकच नियम सगळीकडे लावला आणि माझ्या पदासाठी `médecin`च्या जागी `médecine` लिहिले. मेदसँ म्हणजे डॉक्टर, पण मेदसीन म्हणजे वैद्यकशास्त्र. त्यामुळे या बाईंनी अमुक रुग्णालयात ‘वैद्यकशास्त्र म्हणून’ काम केले, असा दाखला तयार झाला. पलीकडच्या विभागाने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. कार्यालयाने मात्र नियमावर बोट ठेवून चूक मान्य करायचे नाकारले आणि दुरुस्तीचे पैसे पुन्हा मागितले. या वादात त्या वर्षीची अर्जाची मुदत निघून गेली. ज्यांच्या एका अक्षरावर दुसऱ्याचे वर्ष अवलंबून असते, त्यांनी साधा शब्दकोश उघडण्याची तसदी घेऊ नये, याचा मला आजही संताप येतो.

डॉक्टर स्त्रीसाठीही शब्द `médecin` हाच राहतो, फक्त आर्टिकलची गरज पडेल तिथे ‘यून मेदसँ’ म्हणतात. ‘जुर्नालिस्त’, ‘आर्शितेक्त’ हे शब्दही असेच दोन्ही लिंगांना चालतात. इतरत्र शेवट पाहावा लागतो. ‘शाँतर’ म्हणजे गायक, त्याचे ‘शाँतझ’ होते, पण ‘दिरेक्तर’चे ‘दिरेक्त्रिस’ होते. गाणे या क्रियापदाच्या मुळातच ‘त’ आहे, म्हणून पहिला प्रकार. दिरेक्तरमधला ‘त’ क्रियापदाच्या मुळात नाही, म्हणून दुसरा. या खुणेला अपवाद आहेत, त्यामुळे कागदपत्रांसाठी तेवढ्यावर विसंबू नये.

आपला शब्द तिसऱ्या गटातला आहे. `ingénieur` आणि `ingénieure` यांचा उच्चार एकच आहे, फरक फक्त लिहिण्यात दिसतो. अशी रूपे कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांतात आधी रुळली. तिथल्या भाषा कार्यालयाने १९७९ मध्येच स्त्रीलिंगी पदनामे वापरण्याचा सल्ला दिला होता. फ्रान्समध्ये १९८६ आणि १९९८ मध्ये पंतप्रधानांची परिपत्रके निघाली, तरी फ्रेंच भाषेची अधिकृत संस्था असलेल्या आकादेमी फ्राँसेझने या रूपांना थेट २०१९ मध्ये मान्यता दिली. विरोध किती तिखट होता याचे उदाहरण म्हणजे २०१४ मध्ये राष्ट्रीय सभेत अध्यक्षस्थानी असलेल्या सांद्रीन माझतिये यांना झ्युल्याँ ओबेर या सदस्याने ‘मादाम ल प्रेझिदाँ’ असे पुल्लिंगी संबोधन चालू ठेवले आणि त्याबद्दल ओबेर यांचे एक चतुर्थांश मासिक मानधन कापले गेले. दुसऱ्या बाजूला, ‘आँबासाद्रिस’ हा शब्द पूर्वी राजदूताच्या पत्नीसाठी वापरत, म्हणून जुन्या पिढीतल्या काही स्त्रिया स्वतःच पुल्लिंगी पदनाम पसंत करतात. त्यांच्या निवडीचा मान ठेवावा.

माझे मत विचाराल तर क्यूबेकसाठी `ingénieure` निःशंकपणे लिहावे आणि फ्रान्ससाठीही तेच लिहावे. एक रूप निवडल्यावर सीव्ही, अर्जपत्र आणि भाषांतरित दाखले या सगळ्यांत तेच ठेवावे, आणि विशेषणेही त्याच लिंगात ठेवावीत. वर `expérimentée` आहे तो त्यासाठीच. सीव्हीच्या शीर्षकात पूर्ण वाक्य नको, नुसते `Ingénieure en génie civil` पुरते. फ्रान्समधल्या जाहिरातींत पदापुढे `H/F` असते. त्याचा अर्थ पुरुष किंवा स्त्री, कोणीही अर्ज करावा असा आहे. पदनाम जाहिरातीतून उचलताना ती अक्षरे सोबत आणू नयेत. आणि भाषांतर बाहेरून करून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी त्यात आपले पदनाम जिथे-जिथे आले आहे ती प्रत्येक ओळ स्वतः शब्दकोशाशी ताडून पाहावी.