चूर्ण सोडलं की दोन दिवस का होत नाही?

"मॅडम, रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही. सोडून बघितलं, इसबगोल घेतलं, तर पोट आणखी फुगलं. आता दुर्बिणीनं तपासलं तर आतडं काळं पडलंय म्हणतात. आतडी कायमची निकामी झाली काय?"

खानापूरचा माणूस असो की निपाणीचा, विचारताना शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. त्यातल्याच एका निवृत्त मास्तरांची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

औषध लिहून देणं माझं काम नाही, ते मी ज्यांच्या दवाखान्यात बसते त्या डॉक्टरांचं. त्यांनी थायरॉईड, साखर, कॅल्शियम सगळं तपासलं होतं. काळेपणाबद्दलही सांगितलं होतं: सोनामुखी बराच काळ पोटात गेली की मोठ्या आतड्याच्या अस्तरावर काळपट रंग चढतो, त्यानं इजा होत नाही आणि चूर्ण थांबल्यावर काही महिन्यांत तो बहुधा उतरतो. मास्तरांनी मान डोलावली होती, पण भीती काही गेली नव्हती. भीती माहितीनं जात नाही, स्वतःचा हिशेब स्वतः मांडल्यावर जाते, असं माझं मत आहे. म्हणून मी वही पुढे केली.

"चूर्ण सोडलंत तेव्हा काय झालं, दिवसावार सांगा."

"सोमवारी रात्री घेतलं होतं. मंगळवारी सकाळी तीनदा जाऊन आलो, शेवटी नुसतं पाणीच. मंगळवारी रात्री घेतलं नाही. बुधवारी काही नाही. गुरुवारीबी नाही. मग घाबरलो की, आणि रात्री दोन चमचे घेतलं."

"मंगळवारी तीनदा जाऊन आल्यावर आत किती उरलं असेल?"

ते वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बस डेपोत रिकामी झाल्यावर पुढच्या थांब्याला उतरणार कोण?"

नंदगडची बस पकडत नोकरी केलेला माणूस. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. खाल्लेलं अन्न मळ होऊन बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. जोरदार जुलाबानं मोठ्या आतड्याचा लांब भाग एकदम मोकळा झाला, तर तो पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जाणारच. त्या रिकामेपणाला बद्धकोष्ठ समजून माणूस पुन्हा चूर्ण घेतो आणि तेच चक्र फिरत राहतं. मुळात रोज झालंच पाहिजे असंही नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा पल्ला निरोगी माणसांत दिसतो. खडा होतोय का, कुंथावं लागतंय का, हे आधी बघायचं. आणि नेहमीच्या मात्रेतल्या सोनामुखीनं आतड्याच्या नसा मरतात, या समजाला भक्कम पुरावा नाही.

"मग इसबगोल का लागू पडलं नाही?"

"कसं घेतलंत?"

"झोपताना, अर्धा कप दुधातून. सकाळी बघितलं तर काही नाही."

इथे दोन गोष्टी चुकल्या होत्या. इसबगोल हा चोथा आहे. तो पाणी शोषून फुगतो, मळाला आकार आणि मऊपणा देतो. एक चमचा भुशीला मोठा पेलाभर पाणी लागतं, ते लगेच प्यायचं आणि वरून आणखी थोडं. पाणी कमी पडलं की लगदा होतो आणि पोट फुगतं. घशाशी अडकायचाही धोका असतो, म्हणून घेऊन लगेच आडवं होऊ नये. दुसरं म्हणजे वेळ. सोनामुखी आतड्याला आकुंचन पावायला लावते आणि सहा ते बारा तासांत काम दाखवते. बिसाकोडिल ही गोळी त्याच जातीची. इसबगोलला एक ते तीन दिवस लागतात. मास्तर त्याला सोनामुखीचं घड्याळ लावून बसले होते आणि सकाळीच नापास करून मोकळे झाले.

शिवाय आत आधीच खडे असतील, तर वरून चोथा टाकून उपयोग नसतो. तिथे पाणी ओढणारं औषध लागतं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचं गोड औषध आतड्यातच पाणी धरून ठेवतं आणि मळ ओला करतं. त्यालाही एक ते तीन दिवस द्यावे लागतात. लॅक्ट्युलोजनं गॅस जास्त होतो, हे आधी सांगितलं नाही तर लोक बाटली अर्ध्यावर सोडतात. मॅग्नेशियमचं पांढरं औषध याच गटातलं, काही तासांत काम करतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

डॉक्टरांनी मास्तरांना ती पावडर दिली, दिवसाला १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात. चूर्ण एक दिवसाआड, मग दोन दिवसाआड, असं कमी करत सोडायचं ठरलं. त्यानंतरसाठी मी एकच नियम वहीत लिहायला लावला: तीन दिवस पूर्ण काही झालं नाही, तरच रात्री चूर्णाची छोटी मात्रा. त्यामुळे "नाहीच झालं तर?" या रात्रीच्या प्रश्नाला उत्तर तयार राहिलं. माझ्या मते निम्मं काम या ओळीनं केलं.

उरलेलं निम्मं सवयीचं. पहाटेची बस चुकू नये म्हणून त्यांनी सगळी नोकरी चहाआधीच संडासात बसून कुंथण्यात घालवली होती, आणि निवृत्तीनंतरही वेळ तीच. पोटात काही गेलं की मोठं आतडं हलतं, म्हणून न्याहारीनंतर बसायचं ठरवलं. गुडघ्यांमुळे कमोड आलेला, तर पायाखाली पाट. मळ मऊ व्हायला लागल्यावर इसबगोल पुन्हा सुरू केलं, या वेळी अर्ध्या चमच्यापासून, सकाळी, भरपूर पाण्याबरोबर.

पुढच्या भेटीला त्यांच्या पत्नी सोबत होत्या. "माझं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तेव्हा मऊ करायची गोळी दिली होती. ह्यांना तीच का देत नाही?"

ती गोळी म्हणजे डॉक्युसेट. ते मळात पाणी शिरायला मदत करतं, इतकंच. ऑपरेशननंतर थोडे दिवस कुंथणं टाळायला ते देतात. जुन्या बद्धकोष्ठावर त्याचा फारसा उपयोग दिसत नाही. मग त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली, सासूबाईंसाठी दुकानातून आणलेली. लेबल वाचलं: लिक्विड पॅराफिन, मॅग्नेशियम आणि पिकोसल्फेट. म्हणजे वंगण, पाणी ओढणारं आणि आतडं हलवणारं, तिन्ही एकाच झाकणात. सासूबाई अंथरुणावर, गिळताना ठसका लागतो. पॅराफिन श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. ती बाटली तिथेच डॉक्टरांकडे पाठवली.

मास्तरांना जाताना आणखी एक लिहून दिलं. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर यातलं कुठलंही औषध न घेता थेट दवाखाना गाठायचा. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं बद्धकोष्ठ असेल, तर आधी तपासणी.

चूर्णाचा डबा त्यांनी टाकलेला नाही, मीही टाकायला सांगितलं नाही. मुलीकडे पुण्याला जाताना तिसरा दिवस ओलांडला, की अर्धा चमचा घेतात आणि वहीत तारीख लिहितात.